तमाशापटातली लावणी कथेत नेमकं काय करते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी चित्रपटांवरच्या गप्पांमध्ये लावणीचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक उदाहरणं ‘पिंजरा’ची आहेत, कारण लावणी आणि कथा यांची वीण इतकी घट्ट बसलेली दुसऱ्या फार थोड्या चित्रपटांत दिसते.

लावणी सुरू झाली की कथा थांबते, असं म्हणतात. खरं आहे का?

वाईट चित्रपटात थांबते. चांगल्या चित्रपटात लावणी हाच प्रसंग असतो. संवादाच्या दृश्यात दोन माणसं बोलतात आणि त्यातून काहीतरी बदलतं. फडावरच्या गाण्यातही बदल व्हायलाच हवा. एक बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर उभी असते, दुसरा समोर बसलेला असतो, आणि गाणं संपेपर्यंत त्यांच्यातलं काहीतरी हललेलं असतं. कुणी भुललेलं असतं, कुणी चिडलेलं असतं, कुणाचं गुपित चव्हाट्यावर आलेलं असतं.

तपासायची एक सोपी रीत मी वापरतो. गाणं पूर्ण काढून टाकायचं आणि त्याच्या आधीचं दृश्य थेट पुढच्या दृश्याला जोडून बघायचं. दोन्ही नीट जुळली, मध्ये काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही, तर ते गाणं शोभेचं होतं. पुढच्या दृश्यातला माणूस असा का वागतोय हे कळेनासं झालं, तर गाण्याने काम केलं होतं. ‘पिंजरा’तल्या फडावरच्या लावण्या काढल्या, तर मास्तर चंद्रकलेच्या मागे का गेला याचं उत्तरच चित्रपटात उरत नाही.

‘पिंजरा’त हे कसं घडतं? जरा उलगडून सांगाल का?

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ 1972 सालचा. मास्तरच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, चंद्रकलेच्या भूमिकेत संध्या. गाणी जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं आणि चंद्रकलेच्या लावण्यांना आवाज उषा मंगेशकरांचा. गोष्ट थोडक्यात अशी. गावाला वळण लावणारा, गाव ज्याला देव मानतं असा एक मास्तर असतो. गावात तमाशाचा फड येतो. मास्तर तो हाकलून लावतो. फड नदीपलीकडे मुक्काम ठोकतो आणि अपमान झालेली चंद्रकला या मास्तरला आपल्या फडात तुणतुणं धरून उभा करायची जिद्द धरते.

या जिद्दीतच चित्रपटाचा सगळा आराखडा आहे. तमाशाच्या बोर्डावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुढे नाचणारी, तिच्याजवळ ढोलकीवाला, मागे झील धरणारे सुरते आणि त्यांच्यातच तुणतुणेवाला. तुणतुणं एका तारेचं. त्यावर गाणं वाजत नाही, तो एकच सूर धरून राहतो. पुढची बाई वाट्टेल तशी फिरेल, त्याने आपला सूर सोडायचा नाही. ज्याच्या शब्दावर अख्खं गाव चालतं त्या माणसाच्या हातात हे वाद्य यायचं, म्हणजे त्याने स्वतःचं गाणं सोडून दुसऱ्याच्या गाण्याला सूर पुरवत बसायचं. चंद्रकलेने शिक्षा अगदी विचार करून निवडली आहे.

आता चित्रपट बघताना प्रत्येक लावणीच्या वेळी एवढंच बघा, मास्तर कुठे आहे. सुरुवातीला तो फडाच्या बाहेर आहे. त्याच्या दृष्टीने तमाशा म्हणजे गावात शिरलेली कीड, आणि तो ती निपटायला निघालाय. मग तो फडाच्या जवळ येतो. येण्याला कारण असतंच, त्याला गावकऱ्यांना परत न्यायचंय. पण कारण काही असलं तरी पाय नदी ओलांडतात. मग दुखावलेल्या पायाच्या निमित्ताने त्याचा हात तिच्या पायाला लागतो. ज्या पायांतल्या चाळांचा त्याला तिटकारा होता, ते पाय आता त्याच्या हातात असतात. यानंतरची लावणी त्याला वेगळी ऐकू येते, आणि आपल्यालाही. शेवटी तो बोर्डावरच येऊन उभा राहतो, मागच्या रांगेत, हातात तुणतुणं.

बाहेर, काठावर, आत, आणि मग बोर्डावर. त्याच्या घसरणीचा असा नकाशा बोलून दाखवायचा तर पंचवीस पानांचे संवाद लागले असते. शांतारामांनी तो उभं राहण्याच्या जागांमधून दाखवला. पात्र आतून कसं बदललं हे सांगायला तमाशाचा बोर्ड किती कामाला येतो, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

मग मास्तरच्या पडझडीनंतर गाण्यांचं काय होतं?

‘पिंजरा’ इथेच खरा मोठा होतो असं माझं मत आहे. मास्तर मेला असं गाव समजतं आणि त्याचा पुतळा उभारतं. जिवंत मास्तर मात्र फडाबरोबर गावोगाव फिरतो आहे. पुढे त्याच्यावर खटला चालतो तो मास्तरच्या, म्हणजे स्वतःच्याच खुनाचा, आणि गावाच्या मनातला मास्तर टिकावा म्हणून तो गप्प राहतो.

या उत्तरार्धात बोर्ड तोच, ढोलकी तीच, पण ऐकणारे आपण बदललेलो असतो. ‘कशी नशिबानं थट्टा आज मांडली’ हे गाणं सुरू होतं तेव्हा फडासमोरच्या गर्दीला ते एक गाणं असतं, एवढंच. त्यातली थट्टा कुणाची झाली आहे हे त्या गर्दीत कुणाला ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक आहे. पडद्यावरच्या प्रेक्षकांना एक गोष्ट ऐकू येते आणि थिएटरमधल्या प्रेक्षकांना दुसरी. ही दुहेरी सोय फडावरच्या गाण्यात आयती मिळते, कारण तिथे गाणं ऐकणारी माणसं कथेच्या आतच बसलेली असतात. बागेतल्या प्रेमगीतात ती मिळत नाही.

लावणी चालू असताना कॅमेरा सारखा प्रेक्षकांवर का जातो? फेटे उडवणारे, शिट्ट्या मारणारे चेहरे बघून कंटाळा येतो.

कंटाळा येतो कारण बरेच दिग्दर्शक ते चेहरे भर म्हणून वापरतात. खरं तर तिथेच अर्धी कथा असते.

लावणी ही समोरच्याला उद्देशून म्हणायची चीज आहे. ‘राया’, ‘सजणा’, ‘पाव्हणं’ अशी हाक त्यात असतेच. बोर्डावरची बाई ही हाक सगळ्यांना देते आणि समोरच्या प्रत्येकाला वाटतं की ती मलाच दिली. या गैरसमजावर तमाशा चालतो, आणि कथालेखकाच्या हातात तो सोन्यासारखा सापडतो. तिची नजर कुठे थांबते आणि कोणाचा चेहरा त्या वेळी कॅमेऱ्यात आहे, हे दोन शॉट लागोपाठ ठेवले की एक शब्द न बोलता नातं तयार होतं. पाटलाकडे बघून ओळ म्हटली आणि पुढचा शॉट मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या पोराचा असला, तर तिघांचं प्रकरण सुरू झालं म्हणून समजा.

म्हणून लावणी बघताना मी आधी एक गोष्ट शोधतो. या गर्दीत असा कोण आहे जो फेटा उडवत नाही? दिग्दर्शकाला काम माहीत असेल, तर गोष्ट त्या गप्प माणसाची असते.

गण, गवळण, सवाल-जवाब, वग: चित्रपटात यांचा उपयोग वेगवेगळा होतो का?

व्हायला हवा. तमाशाच्या प्रत्येक अंगाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो ओळखून वापरला की लेखकाचे कष्ट निम्मे होतात.

गणाने खेळ सुरू होतो. नवा फड उभा राहतोय, कुणी आयुष्याचा नवा डाव मांडतोय, अशा जागी तो शोभतो. गवळणीत कृष्ण आणि त्याचा पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात, आणि गवळणींच्या बाजूने हुज्जत घालायला मावशी असते, बहुधा बाईच्या वेशातला पुरुष. वाट अडवणं, दाण मागणं, नाही म्हणत म्हणत थांबणं, हा सगळा खेळ तिथे तयार असतो. नायक-नायिकेची पहिली ओढाताण दाखवायची असेल तर देवाच्या नावाखाली ती गवळणीत बिनबोभाट दाखवता येते.

सवाल-जवाबाला कलगी आणि तुरा या दोन पंथांची पार्श्वभूमी आहे. कलगीवाले शक्तीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला, आणि एकाने घातलेलं कोडं दुसऱ्याने गाण्यातच सोडवायचं असतं. उत्तर आलं नाही की हार. चित्रपटात मारामारीच्या जागी हे दृश्य ठेवता येतं. दोन फड, दोन बायका किंवा दोन शाहीर भर गर्दीत भिडतात, आणि कोण जिंकलं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मात्र कोडं प्रेक्षकांना कळेल असं हवं. ते कळलं नाही तर नुसता गलका उरतो, आणि बऱ्याच चित्रपटांत नेमकं तेच झालंय.

वगाचं काम सगळ्यांत वजनदार. वग म्हणजे नाट्य, राजा-प्रधानाची नाहीतर गावगाड्याची गोष्ट. बोर्डावर गोष्ट सांगायला तिथे परवानगी असते, त्यामुळे जे एरवी तोंडातून काढायची सोय नाही ते वगात बोलता येतं.

याचं एखादं उदाहरण?

अनंत माने यांचा 1959 सालचा ‘सांगत्ये ऐका’. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. गावातल्या दांडग्या पाटलाने केलेला जुना अत्याचार फडावरून गावासमोर येतो. ज्यांना न्याय मागायला पंचायत नाही, कोर्ट नाही, त्या बायकांना बोर्ड आहे. ऐकायला अख्खं गाव बसलेलं आहे आणि पाटलालाही उठून जाता येत नाही, कारण उठला तर ती गोष्ट आपलीच आहे अशी कबुली दिल्यासारखं होईल.

याच चित्रपटात ‘बुगडी माझी सांडली गं’ आहे. शब्द गदिमांचे, चाल वसंत पवारांची, आवाज आशा भोसले यांचा. लोकांना हे गाणं वेगळं काढून ऐकायची सवय झाली आहे, त्यामुळे त्यातली एक गोष्ट निसटते. बुगडी म्हणजे कानाच्या वरच्या पाळीतला दागिना. गाण्यातली बाई तो हरवून बसली आहे आणि मैत्रिणीला विनवतेय, ‘चुगली नगा सांगू गं’. म्हणजे काहीतरी गमावलंय आणि ते कुणाला सांगायचं नाही. ज्या चित्रपटाचं नावच ‘सांगत्ये ऐका’, त्यात सगळ्यांत गाजलेलं गाणं न सांगण्याविषयीचं. गंमत म्हणून दडवलेली गोष्ट आणि दहशतीने दडवलेली गोष्ट एकाच चित्रपटात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. हे ठरवून केलं की आपोआप झालं, या वादात मी पडत नाही. पडद्यावर ते आहे आणि ते जाणवतं.

फडाची लावणी आणि बैठकीची लावणी यांतला फरक कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे का?

फार. फडाची लावणी उभ्याने, नाचत, शेकडो माणसांसमोर. बैठकीची लावणी बसून, मोजक्या रसिकांसमोर, आणि तिथे पाय कमी, चेहरा आणि हात जास्त. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेऊन दर वेळी तिचा वेगळा अर्थ डोळ्यांतून, बोटांतून, पदरातून दाखवायचा, हे त्या अदाकारीचं खरं कसब. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंतांनी ते आयुष्यभर जपलं.

चित्रपटात फडाची लावणी उघड्यावरच्या गोष्टीला लागते, तर बैठकीची एकट्या माणसापर्यंत पोचायला. 2022 सालच्या ‘चंद्रमुखी’त दोन्ही आहेत. ‘चंद्रा’ हे गाणं जगासमोर मिरवायचं आहे, ते दिमाखाचं आहे. ‘बाई गं’ मध्ये ढोलकीचा तो दणका नाही. तिथे तीच चंद्रमुखी आतली ओढ सांगते आहे. राजकारणातला एक माणूस आणि तमाशातली बाई यांच्या गोष्टीत लोकांसमोरची चंद्रा आणि एकांतातली चंद्रा अशा दोन बायका लागतातच, आणि त्यांच्यातलं अंतर दोन तऱ्हेच्या लावणीने मोजून दिलं आहे.

इथे एक अडचण मात्र मान्य करायला हवी. चित्रपटातलं गाणं तीन-चार मिनिटांचं असतं. पूर्वी तर ते तीनेक मिनिटांच्या तबकडीत बसवावं लागे. बैठकीत एका ओळीवर दहा मिनिटं रेंगाळता येतं, पडद्यावर ती चैन नाही. म्हणून चित्रपटातली बैठकीची लावणी खऱ्या बैठकीची चव पूर्ण देऊ शकत नाही. चुणूक देते, एवढंच.

‘नटरंग’मध्ये तर नायकच नाचतो. तिथे हिशेब कसा बदलतो?

रवी जाधव यांचा ‘नटरंग’ 2010 च्या 1 जानेवारीला आला, आनंद यादवांच्या कादंबरीवरून. गुणा कागलकर हा पिळदार अंगाचा शेतमजूर. त्याला फडात राजा व्हायचंय. पण बाई नाचायला हवी तर फडात नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करत नाचणारा पुरुषही हवा, आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही. शेवटी तो गुणालाच व्हावं लागतं. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं. तो बदल पडद्यावर दिसतो, त्यासाठी शब्द खर्चावे लागत नाहीत.

‘पिंजरा’त मास्तर बोर्डाकडे ओढला जातो. इथे गुणाला बोर्ड हवाच आहे, पण बोर्डावरची जागा त्याला हवी ती मिळत नाही. राजाची मागितली आणि नाच्याची मिळाली. त्यामुळे रंगात आलेल्या प्रत्येक लावणीत आनंद आणि अपमान एकत्र चालतात. फड गाजतोय म्हणून आपण खूश होतो, आणि जितका तो गाजतो तितकं गुणाचं घर त्याच्यापासून लांब जातं.

आणखी एक गोष्ट बघा. ‘अप्सरा आली’, ‘वाजले की बारा’ ही बोर्डावरची गाणी आहेत. ‘खेळ मांडला’ बोर्डावरचं नाही. गुणाचं सगळं उद्ध्वस्त झाल्यावर जे गाणं येतं ते लावणी असूच शकत नव्हतं, कारण तिथे समोर रिझवायला कुणी नाही. ते देवाला घातलेलं गाऱ्हाणं आहे. बोर्डावर काय बोलता येतं आणि काय येत नाही, याची समज अजय-अतुल आणि गुरू ठाकूर यांनी इथे ठेवली आहे.

सुलोचना चव्हाणांनी गायलेल्या लावण्या पडद्यावर दुसऱ्याच नाचायच्या. याने परिणामात फरक पडायचा का?

पडायचा, आणि चांगलाच पडायचा. सुलोचनाबाई स्वतः कधी बोर्डावर नाचल्या नाहीत, कार्यक्रमातही डोक्यावर पदर घेऊन गायच्या. आवाजात मात्र असा ठसका की ‘रंगल्या रात्री अशा’मधली (1962) लवंगी मिरची ऐकली की डोळ्यांपुढे बाई उभीच राहते. त्यांच्यासारख्या गायिकेचा आवाज मिळाला की नटीला ओरडून अभिनय करावा लागत नाही. शब्दातली चापट आवाजाने दिलेली असते, तिने फक्त डोळा मोडायचा. पडद्यावर नटी जिथे जास्त करते, तिथे लावणी बटबटीत होते.

लावणी फसली आहे हे कशावरून ओळखायचं?

सगळ्यांत आधी ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघा. पडद्यावर बसलेल्या माणसाचा हात आणि कानावर येणारा बोल जुळत नसेल, तर दिग्दर्शकाने फड नीट बघितलेला नाही. खरा ढोलकीवाला नाचणारीच्या पायाकडे बघत असतो. ती पाय उचलते त्याच्या आधी त्याला ते कळलेलं असतं. हा दोघांमधला धागा कॅमेऱ्यात आला की अर्धं गाणं जमतं. तो नसला, तर मागे कितीही मशाली लावा, फड नकली वाटतो.

दुसरी खूण म्हणजे गाणं संपल्यावरचा पहिला शॉट. नायिका नाचून घामाघूम झालेली असताना तिचं काय होतं, हे बघायची तसदी न घेता चित्रपट थेट दुसऱ्या दिवशीच्या सकाळी उडी मारत असेल, तर ते गाणं प्रसिद्धीसाठी घेतलंय. ‘आयटम साँग’ आणि लावणी यांतला फरक मला तरी इथे दिसतो. आयटमला आधी-नंतर काही नसतं. लावणीतल्या बाईला गाणं संपल्यावर पडद्याआड जावं लागतं, चाळ सोडावे लागतात, कुणाची तरी उधारी चुकवावी लागते, कुणाला तरी परतवून लावावं लागतं.

आणि हे मी मनापासून लिहितोय. ज्या बायकांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्या वाट्याला चित्रपटांनी बऱ्याचदा फक्त मोह पाडणारीची भूमिका दिली. ‘पिंजरा’सुद्धा त्यातून पूर्ण सुटत नाही. चंद्रकलेला पुढे मन मिळतं, प्रेम मिळतं, पण गोष्ट शेवटी मास्तरचीच राहते.

कथेत लावणी घालायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

गाण्यातून काय कळायचं आहे, इथून. मी एका पटकथेच्या चर्चेत मांडलेला प्रसंग सांगतो.

गोष्ट अशी. मुलीच्या कॉलेजची फी भरायला घरात पैसे नाहीत, असं बाप सांगतो. थोरला मुलगा शहरातून जत्रेला आलेला आहे. बाप रात्री तमाशाला जातो, घरी सांगून जातो की देवळात भजनाला बसतो. मुलगाही मित्रांबरोबर तमाशाला जातो. पहिल्या खर्ड्यात लेखकाने असं लिहिलं होतं की लावणी चालू असते आणि मुलाला गर्दीत बाप दिसतो. साधं आहे, चालून जाईल, पण गर्दीत बाप दिसायला तमाशाच कशाला हवा? तो बाजारातही दिसू शकतो.

मी सुचवलं, दौलतजादा वापरा. फडावर कुणी पैसे दिले की माइकवरून त्याचं नाव घेतात. अमक्या गावच्या अमक्या रावांकडून इतके रुपये. मग मुलाला बाप दिसायचं कारणच नाही. तो मागे उभा आहे, पुढचं काही दिसत नाही. मुखडा होतो, पहिलं कडवं होतं, ढोलकीचा तोडा सुरू होतो, आणि त्या तोड्यावर सोंगाड्या माइकवरून ओरडतो, बापाचं नाव आणि पाचशे एक रुपये. बाजूचे मित्र ते ऐकतात. हीच त्याची खरी शिक्षा, कारण आता हे त्याच्या एकट्याचं गुपित राहिलेलं नाही.

मग दुसरं कडवं. शब्द पहिल्यासारखेच, लाडिक, ‘राया’ला उद्देशून. पण आता राया कोण हे मुलाला माहीत आहे. गाण्याच्या चालीत काहीही बदल न करता ते आता ऐकवेनासं होतं. तिसरं कडवं मुलगा ऐकतच नाही, तो वाटेला लागलाय, मागून ढोलकीचा आवाज बारीक होत जातो. आणि शेवटचा शॉट नाचणारीचा. ती पैसे घेऊन पदराला बांधते आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या पेटीवाल्याला त्यातली एक नोट देते. ती नोट कुणाची फी होती, हे तिला कसं ठाऊक असणार.

लेखकाला यातली एक गोष्ट खटकली. त्याचं म्हणणं, बापाला प्रेक्षकांना एकदाही न दाखवता कसं चालेल? आम्ही बराच वेळ भांडलो. शेवटी ठरलं की बापाचा फक्त हात दाखवायचा. मनगटावर मुलाने पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं घड्याळ, आणि बोर्डाकडे लांबवलेली नोट. चेहरा त्या रात्री नाही, सकाळी चुलीपाशी चहा पिताना.